गळ्यावर पुळ्या आणि आत वळलेले केस: मी उलटी दाढी करतच नाही, तरी हे का होतं?

लोटेकर_३४

नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितोच.

मी लोटे परशुराम एमआयडीसीत एका रासायनिक कारखान्यात फायर अँड सेफ्टीला आहे. वय ३४. दाढीचे केस राठ आणि कुरळे, अगदी डोक्यावरच्यासारखे. आमच्याकडे शिफ्टच्या आधी क्लीन शेव सक्तीची आहे. वायुगळती झाली की हवेचा सिलिंडर पाठीवर घेऊन आत शिरणाऱ्या चौघांत मी असतो आणि मास्कचं रबर उघड्या कातडीवरच बसावं लागतं. नियम मला मान्य आहे, माझाच जीव त्यावर आहे.

पण गेली सहा वर्षं गळ्यावर पुळ्या आहेत. दाढी केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठतात, टोकाला काळा ठिपका दिसतो. नखाने कोरलं तर आतून गुंडाळलेला केस निघतो. आता तिथे काळे डाग पडलेत, दोन ठिकाणी हाताला घट्ट गाठी लागतात. सगळे सांगतात उलटी दाढी करू नकोस. मी करतच नाही. पाच पात्यांचं रेझर आहे, वरून खाली, फक्त वरून खाली. मग हे का होतंय?

सातारी_उमेश

दादा, हे मलाही व्हायचं. पाच पात्यांचं फेकून द्या, एका ब्लेडचं जुनं सेफ्टी रेझर घ्या. आंघोळीनंतर दाढी करायची, गरम पाण्याने केस मऊ झालेले असतात. आधी सुलट, मग आडवं, शेवटी एक हलका हात उलट. गुळगुळीत झालं की वर तुरटी फिरवायची. केस अडकलेला दिसला की चिमट्याने मुळासकट उपटायचा, म्हणजे ते भोकच मोकळं होतं. मला आता वर्षभर त्रास नाही.

नीरजा_वि

माझ्या मुलाला हाच प्रॉब्लेम आहे. १९ वर्षांचा आहे, दाढी दाट यावी म्हणून उलटा वस्तरा फिरवतो. किती दिवसांत फरक पडतो?

सातारी_उमेश

ताई, इथे विषय वेगळा आहे. दाढी वाढवायची नाहीये, पुळ्या घालवायच्यात.

त्वचा_सोलापूर

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, सोलापुरात प्रॅक्टिस करते. नीरजाताई, वस्तऱ्याने केस दाट होत नाही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला राठ लागतं, इतकंच. मुलाचे केस कुरळे असतील तर उलटा वस्तरा आजच थांबवा, नाहीतर दोन वर्षांनी त्यालाच असा धागा काढावा लागेल.

लोटेकर, तुमचं वर्णन वाचून मला शंका फार कमी आहे. हा जंतूंचा आजार नाही. तुमचाच केस तुमच्याच कातडीत काट्यासारखा घुसतोय आणि शरीर त्याला परकी वस्तू समजून सूज आणतंय.

तो दोन वाटांनी घुसतो. पहिल्या वाटेत केस बाहेर येतो, वाढताना कमानीसारखा वाकतो आणि एक-दोन मिलिमीटरवर पुन्हा कातडीत शिरतो. सरळ केस असा वाकत नाही. कुरळ्या केसाचं मूळच कातडीत वक्र असतं, त्यामुळे तो बाहेर पडतो तोच तिरका, कातडीला चिकटून. त्यात पात्याने टोक तिरकं कापलं गेलं तर बोरूला छेद दिल्यासारखी धार येते.

दुसरी वाट जास्त त्रासाची. तुम्ही डाव्या हाताने कातडी ताणता, हनुवटी वर करता, तेव्हा केस थोडा बाहेर ओढला जातो. पाच पात्यांत पहिलं पातं त्याला उचलतं आणि मागचं पातं कापतं. हात सोडला की कापलेलं टोक कातडीच्या पातळीखाली जातं. आता ते बाहेर न येता आतल्या आतच भिंत फोडतं. म्हणजे दाढी जितकी गुळगुळीत, तितका हा त्रास जास्त.

उमेशजी, गरम पाणी आणि एक पातं हे बरोबर सांगितलंत. शेवटचा उलटा हात आणि चिमटा मात्र कुरळ्या केसांना लागू करू नका. केस उपटला की नवा केस खोलातून निघतो आणि तोही वाटेतच भिंतीत शिरू शकतो. तुमचे केस सरळ असावेत, म्हणून तुम्हाला ते सोसतंय.

सातारी_उमेश

माझे केस सरळच आहेत डॉक्टर, हे खरं. पण तुरटीने फायदा होतो हे मी अनुभवाने सांगतो.

त्वचा_सोलापूर

रक्त थांबतं, कातडी आवळली जाते. आत वळलेल्या केसाला तुरटीने काही होत नाही. झोंबत नसेल तर लावा, माझी हरकत नाही.

लोटेकर_३४

डॉक्टर, कातडी ताणतो हे खरं आहे, ते थांबवतो. पण माझा मूळ प्रश्न राहिलाच. मी वरून खाली करतो म्हणजे सुलटच ना?

मिरजेचा_पोर

हे मी लिहितोय पण बोलतायत आमचे बाबा. मिरजेत ४१ वर्षं त्यांचं सलून आहे. धागा वाचून दाखवला तर म्हणाले, "त्याला विच्यार, गळ्यावरचे केस कुठं तोंड करून हैत ते बघिटलंय का कधी?"

बाबांचं म्हणणं असं. गालावर केस बहुतेकांचे खाली जातात. पण घाटीच्या खाली लई जणांचे केस वर तोंड करून असतात. काहींचे आडवे, मानेकडे. कुणाला तर गळ्यावर डोक्यासारखा भोवरा असतो. अशा माणसाने वरून खाली हात मारला की गालावर सुलट आणि गळ्यावर उलट. त्याला वाटतं मी सुलटीच करतोय.

बघायची रीत सोपी आहे. दोन दिवस दाढी करू नका. खुंट आले की बोटाचं पेर फिरवा, गळ्यावर चारी दिशांनी. जिकडून हात सुळकन जातो ती सुलट, जिकडून खरखरतो ती उलट. बोटाला कळत नसेल तर कापसाचा बोळा फिरवा, उलट दिशेला तो अडकतो, तंतू सुटतात. कागदावर चेहरा काढा आणि बाण मारत जा. बाबा म्हणतात, नवीन गिऱ्हाइकाच्या मानेला हात लावल्याशिवाय त्यांनी कधी वस्तरा लावला नाही.

त्वचा_सोलापूर

बाबांना माझा नमस्कार सांगा. हे मी पेशंटला सांगते, पण इतकं नीट मला सांगता येत नाही.

पन्हाळ्याचा_गोठा

मला पण हेच झालंय. उजव्या जबड्यावर, एकाच बाजूला. तीन आठवडे झाले. गोल चट्टा आहे, फुगलेला, दाबला की ओल येते. तिथले केस हात लावला तरी निघून येतात, दुखतही नाहीत. मेडिकलवाल्याने ट्यूब दिली, आठ दिवस छान वाटलं आणि मग दुप्पट झालं. दाढी तर मी आठवड्यातून एकदाच करतो. मी पण कापूस फिरवून बघू का?

त्वचा_सोलापूर

नको, तुमचं हे नाही. एकच बाजू, गोल वाढत जाणारा चट्टा, केस न दुखता हातात येणं. गोठा आहे म्हणता, तर वासरांच्या तोंडावर, डोळ्यांभोवती राखाडी खपल्यांचे गोल चट्टे आहेत का?

पन्हाळ्याचा_गोठा

दोन वासरांना आहेत! पावसाळ्यापासून.

त्वचा_सोलापूर

मग जनावरांकडून आलेलं गजकर्ण असण्याचा दाट संभव आहे. दाढीच्या केसांत खोल गेलं की नुसत्या मलमाने जात नाही, पोटात गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्या तपासून, वजन आणि लिव्हर बघून द्यायच्या असतात. या आठवड्यातच त्वचेच्या डॉक्टरकडे जा. ती ट्यूब बंद करा. त्यात स्टेरॉइड असणार, त्याने लाली दबते आणि बुरशी आत मोकाट वाढते. वासरांनाही पशुवैद्यकाला दाखवा, हाताळताना हातमोजे घाला.

लोटेकर, तुम्हीही असली मिश्र ट्यूब लावत असाल तर सांगा.

लोटेकर_३४

मध्ये दोन वर्षं लावली होती. लावली की बसायचं, सोडली की उसळायचं. आता बंद आहे.

मृण्मयी_क

माझं थोडं वेगळं आहे पण विचारते. मला पीसीओएस आहे, हनुवटीवर जाड केस येतात. दर आठवड्याला चिमट्याने काढते. आता हनुवटीखाली अगदी अशाच पुळ्या आणि काळे डाग आहेत. पार्लरमध्ये सांगतात की थ्रेडिंग केलं तर होणार नाही.

त्वचा_सोलापूर

वेगळं नाही, तेच आहे. थ्रेडिंगही उपटणंच. तुमच्यासाठी दोन कामं बरोबरीने: हॉर्मोनचा इलाज आणि लेझर. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला लाँग पल्स एनडी याग लेझर जास्त सुरक्षित. पार्लरमधल्या झगमगीत दिव्याच्या मशीनने सावळ्या कातडीवर भाजल्याचे डाग मी नेहमी बघते. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने बऱ्याच बैठका लागतात, आणि हॉर्मोन आटोक्यात नसतील तर केस पुन्हा येत राहतात. तोवर चिमटा बंद करा, छोट्या ट्रिमरने कापा.

लोटेकर_३४

शनिवार-रविवार सुट्टी होती. बाबांनी सांगितलं तसं केलं, बायकोने बाण काढले.

गाल: खाली. हनुवटीच्या खाली: खाली. घाटीपासून खाली कॉलरपर्यंत: सगळे वर! उजवीकडे सरळ वर, डावीकडे आधी वर आणि मग कानाकडे आडवे. डावीकडे रुपयाच्या नाण्याएवढा भोवरा आहे, तिथे कुठूनही हात फिरवला तरी खरखर.

मग बायकोने त्याच कागदावर लाल पेनाने पुळ्या मांडल्या. एकूण २३. त्यातल्या १९ घाटीच्या खाली, आणि दोन्ही गाठी भोवऱ्यावर. गालावर एकही नाही. सहा वर्षं मी गळ्यावर रोज उलटी दाढी करत होतो आणि लोकांना सांगत होतो की मी करतच नाही. कागद बघून खरंच सुन्न झालो.

आता गळ्यावर खालून वर करायला सुरुवात करू का?

मिरजेचा_पोर

बाबा खूश झाले. पण म्हणाले, भोवऱ्यावर वस्तरा नकोच, तिथे मशीन.

त्वचा_सोलापूर

आज सुरुवात करू नका. आत्ता २३ ठिकाणी केस आत आहेत, त्यावरून कोणत्याही दिशेने पातं फिरवलंत तरी जखमच होणार. आधी ते बाहेर यायला हवेत, आणि त्यासाठी दाढी पूर्ण थांबवायची, निदान चार आठवडे.

चारच का, तर केस दिवसाला साधारण एक तृतीयांश मिलिमीटर वाढतो. एक सेंटिमीटर व्हायला महिना लागतो. तेवढा लांब झाला की कमान ताणली जाते आणि आत रुतलेलं टोक स्प्रिंगसारखं आपोआप सुटून बाहेर येतं. पण पहिला दीड आठवडा वाईट जाईल हे आधीच सांगते. मधल्या लांबीचे केस तेव्हाच वाकून आत शिरतात, त्यामुळे पुळ्या वाढल्यासारख्या वाटतात. बहुतेक लोक तिथेच घाबरून दाढी करतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

त्या काळात कोमट पाण्यात भिजवलेलं मऊ फडकं दहा मिनिटं गळ्यावर धरा, दिवसातून दोन-तीनदा. केसाची कमान वर दिसत असेल तर निर्जंतुक सुईने फक्त कमानीखालून उचलून टोक सोडवा. उपटू नका, आणि न दिसणारा केस शोधायला खणू नका. रात्री एक दिवसाआड अडापलीन जेल, हरभऱ्याच्या डाळीएवढं, पूर्ण गळ्याला. कातडी सोलवटली तर दोन दिवस थांबा. डाग हळूहळू जातील, महिने लागतात, उन्हात सनस्क्रीन हवं. त्या दोन गाठींना मात्र प्रत्यक्ष दाखवा. कायमचा व्रण बनत असेल तर त्यात इंजेक्शन द्यावं लागतं, ते धाग्यावरून ठरवता येत नाही.

लोटेकर_३४

चार आठवडे दाढी ठेवली तर मास्क कसा लावू? हाच तर माझा पेच आहे.

आखाती_वारा

मी कतारमध्ये ऑफशोअरला आहे, मूळचा देवगडचा. आमच्याकडे सल्फरयुक्त विषारी वायू असतो, त्यामुळे मास्कची फिट टेस्ट मशीनवर होते. एका दिवसाचे खुंटही रबराखाली आले की हवा आत येते, हे मी मशीनच्या आकड्यांत पाहिलंय. त्यामुळे महिनाभर दाढी ठेवून मास्क लावायचा विचारही करू नका. डॉक्टरचं पत्र घ्या आणि तेवढे दिवस आत शिरणाऱ्या चमूतून बाहेर राहा. परमिटचं टेबल, सिलिंडरची तपासणी, हायड्रंटच्या फेऱ्या, काम भरपूर असतं.

पण महिन्यानंतरचं सांगतो. पूर्ण चेहऱ्याचा मास्क घाला, पट्टे नेहमीसारखे आवळा, दहा मिनिटांनी काढा आणि आरशात बघा. रबराची लाल रेघ उमटलेली असेल. कपाळ, कानशील, गाल आणि हनुवटीच्या जरा खालून. माझी रेघ घाटीच्या बरीच वर संपते. रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं एवढंच कातडं उघडं हवं. तुमच्या १९ पुळ्या रेघेच्या खाली असतील तर तिथे वस्तरा लागतोच कशाला?

लोटेकर_३४

हे सहा वर्षांत मला कुणी सांगितलं नाही. मीही विचार केला नाही. उद्याच बघतो.

अटलांटावासी

अमेरिकेत हा विषय कोर्टापर्यंत गेलाय म्हणून लिहिते. कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये हा त्रास फार मोठ्या प्रमाणात आहे, केस घट्ट कुरळे असतात म्हणून. १९९३ साली दोन निकाल लागले. एका पिझ्झा घरपोच देणाऱ्या कंपनीने दाढी ठेवली म्हणून एकाला काढलं होतं. अपील कोर्टाने म्हटलं, पिझ्झा पोहोचवायला गुळगुळीत दाढी लागते हे कंपनीला सिद्ध करता आलं नाही, या त्रासाच्या लोकांना सूट द्यावी लागेल. त्याच वर्षी अटलांटाच्या अग्निशामकांचा खटला मात्र ते हरले. त्यांना आधी अगदी आखूड खुंट ठेवायची मुभा होती, ती काढून घेतली होती. कोर्टाने मास्कच्या सीलचा मुद्दा मान्य केला.

लोटेकर, तुमचं काम दुसऱ्या प्रकारात येतं. पण गळा सीलमध्ये येतच नसेल तर तिथे पहिल्या खटल्यासारखं विचारता येईल असं मला वाटतं.

सातारी_उमेश

भारतात कोण ऐकतं असं? एचआर म्हणणार क्लीन शेव म्हणजे क्लीन शेव.

लोटेकर_३४ (साडेसहा आठवड्यांनी)

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं, सविस्तर लिहितो.

डॉक्टरांचं पत्र दिलं. चार आठवडे मागितले होते, आमच्या प्रमुखांनी दोन दिले, उरलेले दोन मी हक्काच्या रजेतून काढले. सहाव्या दिवसापासून दहाव्यापर्यंत खरंच हाल झाले. पुळ्या २३ च्या ३१ झाल्या आणि खाजेने रात्री झोप नाही. इथे आधी लिहिलेलं नसतं तर मी सातव्या दिवशी रेझर उचललं असतं. बाराव्या दिवसानंतर नवीन उठणं थांबलं. सुईने एकूण नऊ केस सोडवले. बाकीचे चौथ्या आठवड्यापर्यंत आपले आपण वर आले, सकाळी फडकं धरल्यावर वर उभे दिसायचे. अडापलीनने दोनदा कातडी सोलवटली, तेव्हा थांबलो.

मास्कची लाल रेघ पाहिली. हनुवटीच्या खाली जाते, घाटीच्या तीन बोटं वर संपते.

आता रोज असं करतो. आंघोळीनंतर, फेस दोन मिनिटं तसाच ठेवून, फक्त सीलचा पट्टा एका ब्लेडने, खाली, कातडी न ताणता. एका जागी दोनच हात. पाचव्या दाढीला ब्लेड बदलतो. रेघेच्या खाली एक दिवसाआड ट्रिमर, एक मिलिमीटरची कंगवी लावून. लांबून गळा थोडा काळपट दिसतो, इतकंच. सोमवारी पुळ्या मोजल्या: चार. त्यातल्या तीन त्याच भोवऱ्यावर. एक गाठ बसली, दुसरीत इंजेक्शन झालंय, अजून एक बाकी आहे.

ट्रेनिंगला मास्क तपासला, सील धरलं. तरीही वरून निरोप आला की गळ्यावर खुंट दिसतात, "क्लीन" नाही. मी मास्क लावून रेघेचा फोटो जोडून लेखी उत्तर दिलंय. अजून उत्तर नाही.

आखाती_वारा

फोटोबरोबर फिट टेस्टचा कागदही जोडा. गळ्यावर खुंट असताना टेस्ट पास झाली हे तारखेसकट दिसलं पाहिजे.

त्वचा_सोलापूर

२३ वरून चार, छान झालं. भोवऱ्यासाठी एक मिलिमीटरही आखूड पडतोय बहुतेक, तिथे दोनची कंगवी लावून बघा. त्याने नाही जमलं तर तेवढ्याच भागावर लेझरचा विचार करू. पण तिथे केस पुन्हा नीट येणार नाहीत, तेव्हा पुढे दाढी ठेवायची हौस आहे का ते आधी ठरवा.

मिरजेचा_पोर

बाबा विचारतायत, तो बाणांचा कागद ठेवलाय का? वय वाढलं की भोवरा सरकत नाही म्हणाले, कागद जपून ठेवा, पुढच्या न्हाव्याला दाखवायला कामाला येईल.

लोटेकर_३४

कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, काका.

पन्हाळ्याचा_गोठा

डॉक्टर, माझं तेच निघालं, गजकर्ण. गोळ्या चालू आहेत, तिसरा आठवडा. वासरं पण बरी होतायत. तिथे केस परत येतील का?

त्वचा_सोलापूर

बहुतेक येतील. सूज फार खोल गेली असेल तर थोडी जागा मोकळी राहते. गोळ्या मध्येच सोडू नका, बंद कधी करायच्या ते तुमच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या.